एका फेजचा हिशेब, तिन्ही फेजचे उत्तर

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत मल्टिमीटरची दोन टोके दोन फेजना लावली, की आकडा ३७८ वर थांबतो. याच तारा जिथून निघतात त्या डीपीवर ४१५ व्होल्ट पुरेपूर भरतात. मधले ३७ व्होल्ट एक किलोमीटरच्या तारांनी खाल्ले. प्रश्न असा, की खांब उभे करण्याआधीच हा ३७८ चा आकडा कागदावर काढता आला असता का? आला असता, आणि तोही तीनपैकी एकाच फेजचा हिशेब मांडून.

तीन तारांतला प्रवाह एकाच वेळी सोडवायचा म्हटले तर गुंता मोठा दिसतो. पण तिन्ही फेजवर भार अगदी सारखा असेल, तर एक गोष्ट आपोआप घडते. आर फेजचा प्रवाह ज्या क्षणी ऐन भरात असतो, त्या क्षणी वाय आणि बी या फेजमधला प्रवाह बरोबर निम्मा आणि उलट दिशेने असतो. एक आत येतो, दोन अर्धे बाहेर जातात, बेरीज शून्य. थोड्या वेळाने आर शून्यावर येतो, तेव्हा उरलेले दोघे सारखे आणि एकमेकांच्या विरुद्ध असतात. पुन्हा शून्य. कोणताही क्षण घ्या, बेरीज हीच येते.

स्टार जोडणीत मोटरच्या तिन्ही वेटोळ्यांची एकेक बाजू एका बिंदूत बांधलेली असते. परतीला प्रवाहच उरत नाही, म्हणून हा बिंदू डीपीच्या न्यूट्रलच्याच पातळीवर राहतो, मग विहिरीपर्यंत न्यूट्रलची तार ओढलेली असो वा नसो. हिशेबासाठी आपण तिथे एक काल्पनिक तार जोडतो, जिचा रेझिस्टन्स शून्य आहे. तिने काहीच बदलत नाही, पण ती जोडताच प्रत्येक फेज स्वतंत्र होतो: डीपीचा फेज, एक तार, मोटरचे एक वेटोळे आणि कसलाही अडथळा नसलेली परतीची वाट.

आता आकडे. ४१५ हे दोन फेजमधले व्होल्टेज आहे. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंतचे हवे असेल तर त्याला १.७३ ने, म्हणजे तीनच्या वर्गमुळाने, भागायचे: २४० व्होल्ट. तार ‘वीझल’ जातीची, पोलादी गाभ्याची अॅल्युमिनियमची धरू. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम आणि रिअॅक्टन्स ०.३ ओहम घेऊ. टोकाच्या भाराचा दर फेजचा रेझिस्टन्स ७.२ ओहम आणि रिअॅक्टन्स ५.४ ओहम असू द्या. या दोघांचा मिळून इम्पीडन्स ९ ओहम होतो, कारण ते सरळ बेरजेने नव्हे, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे जोडले जातात आणि इम्पीडन्स हा त्याचा कर्ण असतो. पॉवर फॅक्टर ०.८.

तार आणि भार एकामागे एक आहेत. रेझिस्टन्सची बेरीज ८.१ ओहम, रिअॅक्टन्सची ५.७ ओहम, कर्ण सुमारे ९.९ ओहम. २४० ला ९.९ ने भागले की प्रवाह २४.२ अँपिअर. हा प्रवाह भाराच्या ९ ओहममधून जातो, म्हणून भाराच्या टोकाला २१८ व्होल्ट उरतात. पुन्हा १.७३ ने गुणले की दोन फेजमधले ३७८ व्होल्ट, म्हणजे मीटरवर दिसलेलाच आकडा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या ग्राहकासाठी ६ टक्क्यांची मर्यादा होती. त्या हिशेबाने ३९० च्या खाली जायला नको होते. इथे घट ९ टक्के आहे.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तारेचा स्वतःचा इम्पीडन्स सुमारे ०.९५ ओहम, तिच्यात २४.२ अँपिअर, म्हणजे तारेवर २३ व्होल्ट. भारावर २१८. बेरीज २४१ येते, २४० नाही. चूक कुठेच नाही. ही दोन व्होल्टेज एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज करता येत नाही. कोनांचा हा हिशेब सुटसुटीतपणे कसा मांडायचा, हे चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत दाखवले. जागेवर झटपट अंदाज हवा असेल तर एक सोपा मार्ग आहे: तारेचा रेझिस्टन्स गुणिले ०.८ आणि रिअॅक्टन्स गुणिले ०.६ यांची बेरीज ०.९ ओहम होते; तिला प्रवाहाने गुणले की २१.८ व्होल्टची घट. २४० मधून वजा करा, उत्तर २१८ च.

हमखास होणारी चूक म्हणजे एका फेजच्या आकृतीत २४० ऐवजी ४१५ लिहिणे. ती लपून राहते, कारण उत्तर ३७७ येते आणि बरोबर वाटते. पण प्रवाह २४ ऐवजी ४२ अँपिअर निघतो, आणि तारांतला वीजनाश प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो खऱ्याच्या तिप्पट दिसतो. खरा नाश तिन्ही तारा मिळून १.६ किलोवॉटच्या आसपास आहे. अशा कागदावरून फ्यूज निवडला तर तो जरुरीपेक्षा फार मोठा बसेल. चूक ओळखायला टाँग टेस्टर पुरतो: तार जबड्यात घेतल्यावर २४ दिसले, तर ४२ चा कागद फाडायचा. दुसरी चूक तारेचे अंतर दुप्पट धरण्याची. सिंगल फेजमध्ये प्रवाह गेल्या वाटेने परत येतो, म्हणून तिथे दुप्पट बरोबर. इथे परतीला प्रवाह नाही, म्हणून एकेरीच.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पहिली, आपण भार ठरावीक ओहमचा धरला, पण चालत्या मोटरचे तसे नसते. पाणी उपसायचे काम तेवढेच राहते, म्हणून व्होल्टेज घटले की ती जास्त प्रवाह ओढते. हाच भार २४० व्होल्टवर साधारण १५.४ किलोवॉट घेतो. तेवढीच वीज मोटरने घेत राहायचे ठरवले, तर २१८ व्होल्टला प्रवाह २९ अँपिअर होतो, त्याने घट वाढते, घट वाढली की प्रवाह पुन्हा थोडा वाढतो. दोन-तीन फेऱ्यांत हे चक्र ३० अँपिअर आणि २१३ व्होल्टवर स्थिरावते. दोन फेजमध्ये मग ३७८ नव्हे, ३६९ मिळतात. उन्हाळ्यात वेटोळी जळतात ती या जादा प्रवाहाने.

दुसरी मर्यादा समतोलाची. एखाद्या फेजवर घरांचे दिवे आणि पिठाची गिरणी चढली, की बेरीज शून्य राहत नाही. न्यूट्रलची तार नसेल तर स्टारचा बिंदू जागेवरून सरकतो आणि आपली काल्पनिक तार खोटी ठरते. अशा भाराचे तीन समतोल भारांत विभाजन करण्याची रीत चार्ल्स फॉर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडली. तिथेही शेवटी एकेका फेजचाच हिशेब होतो. म्हणून कागदावर एक फेज काढण्याआधी टाँग टेस्टर तिन्ही तारांवर फिरवावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर एकाच्या हिशेबात बाकी दोघे आलेच.