गाण्याची जडणघडण : चौथ्या अंतऱ्याचं काय करायचं?

मागच्या भागात ध्रुवपदाबद्दल बोललो. ते प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतं आणि येताना त्या अंतऱ्याचा रंग घेऊन येतं. आज त्याच धाग्यावरून गाण्याच्या शेवटाकडे जाऊ. नवे गीतकार गाणी वाचायला देतात तेव्हा मी आधी शेवटचा अंतरा बघतो. पहिले तीन अंतरे गोष्ट सांगत असतात आणि चौथ्यात गीतकार व्यासपीठावर चढलेला असतो. नाती जपा, माणुसकी विसरू नका, आयुष्य असंच असतं. गोष्ट चांगली रंगलेली असली की हा अंतरा जास्तच खटकतो.

नुसतं तत्त्व सांगून ही गोष्ट पटत नाही, म्हणून एक छोटं गाणं या लेखापुरतं मीच रचलं आहे. विषय वाटणीचा आहे. दोन भाऊ वेगळे होतात, अंगणात चुन्याची रेघ ओढली जाते. छंद अष्टाक्षरी आहे, चाल साध्या केहरव्यात बसेल अशी धरा.

अर्धं तुझं, अर्धं माझं,
मधे चुन्याची ही रेघ

पंच आले, दोरी आली,
मापलं रे अंगणही
आंबा तुझा, चिंच माझी,
सावलीला माप नाही

पाटा गेला थोरल्याला,
वरवंटा धाकट्याला
दोन चुली, दोन धूर,
कुणी ना पुसे कुणाला

भोगी आली, तीळ आले,
पाटा बसला कोरडा
रेघेपाशी उभं पोर
मागे वरवंटा थोडा

इथपर्यंत ठीक आहे. ‘वरवंटा थोडा’ हे लहान मुलाचं बोलणं आहे. थोडा वेळ द्या, एवढंच त्याला म्हणायचं आहे. आता हा चौथा अंतरा वाचा. असा अंतरा लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत आणि त्याचा रोग तिथेच दिसतो.

माती नाही राहायाची,
पैसा नाही येत संगे
नाती जपा जन्मभर,
जन्म एवढेच सांगे

छंद चुकलेला नाही, यमकही नेटकं आहे. पण या चार ओळींत पंच, पाटा, तीळ, पोर यांपैकी काहीच उरलेलं नाही. क्रियापदं बघा. तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत भोगी ‘आली’, पाटा ‘बसला’, पोर ‘मागे’. कुणीतरी काहीतरी करत होतं. चौथ्यात एकदम ‘जपा’ आलं. ही आज्ञा कोण कुणाला करतंय? भाऊ भावाला तर नक्कीच नाही. गीतकार श्रोत्याला करतोय, आणि श्रोता आतापर्यंत त्या अंगणात उभा होता. नामंही बदलली. दगडाच्या, लाकडाच्या, धुराच्या वस्तू गेल्या आणि त्यांच्या जागी पैसा, नाती, जन्म आले. आपल्या गाण्यात असा अंतरा घुसलाय का, हे ओळखायला मी तो उचलून दुसऱ्याच एखाद्या गाण्याला जोडून बघतो. सासूसुनेच्या गाण्याला, परदेशी गेलेल्या मुलाच्या गाण्याला, कोर्टातल्या भाऊबंदकीच्या गाण्याला. तो सगळीकडे बसला, तर तो या गाण्याचा नाही.

हा अंतरा येतो कुठून? बरेचदा गीतकाराची गोष्ट संपलेली असते, पण चालीत अजून एका अंतऱ्याची जागा शिल्लक आहे असं त्याला वाटतं. जुन्या ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे यांतच ती मिनिटं सरत. आता तसं बंधन नाही. हात सैल सुटतो आणि मोकळ्या जागेत उपदेश येऊन बसतो. दुसरं कारण भीतीचं आहे. श्रोत्याला कळलंच नाही तर?

ही भीती फोल असते, हे एका बालगीताने फार पूर्वीच दाखवून दिलंय. ग. दि. माडगूळकरांचं ‘एका तळ्यात होती’ हे ‘सुखाचे सोबती’ चित्रपटातलं, आशा भोसले यांनी गायलेलं गाणं. बदकांच्या पिलांतल्या एका कुरूप पिलाची ही गोष्ट मुळात हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८४३ सालची. अँडरसन पिलाला पाण्यात त्याचं प्रतिबिंब दाखवतो आणि लगेच एक वाक्य घालतो, त्याचा आशय असा : हंसाच्या अंड्यातून जन्मला असेल, तर बदकांच्या आवारात वाढल्याने काही बिघडत नाही. तरीही गोष्ट पुढे चालूच राहते. मुलं पाव टाकतात, नव्या हंसाचं कौतुक करतात, हंस सुखावतो पण गर्वाने फुगत नाही, आणि शेवटी आपल्या सुखाचा उद्गार काढतो. गद्यात हे सगळं खपून जातं.

माडगूळकरांनी गाणं करताना पहिल्या दोन अंतऱ्यांत पिलाचं वेगळं पडणं आणि त्याची चेष्टा मांडली आणि तिसऱ्यात त्याला पाण्यात डोकावायला लावलं. आपण कोण आहोत हे त्याला तिथे कळतं आणि गाणं तिथेच थांबतं. पाव नाही, कौतुक नाही, दिसण्यावरून कुणाला हसू नये असली ताकीदही नाही. मराठी घरांत हे गाणं बालवाडीच्या वयाची मुलं ऐकतात. त्यांना ते कळलं नाही, अशी तक्रार कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शेवटी जे कळतं ते पिलाला कळतं. कळण्याचं काम गोष्टीतल्याच एका जिवाकडे सोपवलं की गीतकाराला मधे यावं लागत नाही.

आता परत आपल्या अंगणात येऊ. चौथा अंतरा काढून टाकला, पण गाणं मांजर आडवं गेल्यागत मधेच थबकल्यासारखं वाटतं. अशा वेळी बरेच जण उपदेश काढून त्याजागी घटना घालतात :

वाटीभर कूट गेलं,
रेघ पुसली पायाने

वरवर पाहता हे चांगलंय. वाटी आहे, पाय आहे, क्रियापद भूतकाळी आहे. पण रेघ पायाने पुसणं म्हणजे ‘नाती जपा’चंच नाटकी रूप झालं. कुठलाही धाकटा भाऊ भोगीच्या दिवशी पंचांनी आखलेली रेघ पायाने पुसत नाही. तो वरवंटा देतो आणि परत कधी येतोय याकडे डोळा ठेवतो. घटनेच्या वेषातली ही शिकवण उपदेशापेक्षाही घातक, कारण ती पटकन ओळखू येत नाही. ओळखायची खूण एकच : त्या माणसाने ही गोष्ट श्रोत्यासाठी केली की स्वतःच्या गरजेपोटी? वरवंटा मागणं ही गरज आहे, कारण तीळ वाटायचे आहेत. रेघ पुसणं ही गीतकाराची गरज आहे.

सणही मी मुद्दाम भोगीचा घेतला. संक्रांत घेतली असती तर तिळगूळ आणि गोड बोलणं आपसूक आलं असतं आणि उपदेश मागच्या दाराने आत शिरला असता. भोगीला फक्त बाजरीची भाकरी, भाजी आणि तिळाची वाटणघाटण. एक दिवस अलीकडे थांबलं की पुढचा दिवस श्रोता स्वतः आणतो.

मग शेवट कुठून आणायचा? ध्रुवपदातून. तिसरा अंतरा संपला की गायक मुखड्यावर येणारच आहे. ‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ पहिल्यांदा आलं तेव्हा तो पंचांचा निवाडा होता. दुसऱ्या अंतऱ्यानंतर ते कुरकुरीसारखं लागतं, कारण आता पाटा एकीकडे आणि वरवंटा दुसरीकडे आहे. तिसऱ्यानंतर पोर रेघेपाशी उभं असताना तीच ओळ आली की अर्धं-अर्धं म्हणजे त्या दोन दगडांबद्दल आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवतं. शब्द एकही बदललेला नाही.

संगीतकाराला मी इथे एकच विनंती करीन. अंतरा संपल्यावर एक आवर्तन, म्हणजे केहरव्याच्या आठ मात्रा, रिकाम्या सोडा. पोर उभं आहे, कुणी उत्तर दिलेलं नाही, तेवढा वेळ श्रोत्याला मिळू द्या. नंतर मुखडा घ्या, पण अर्धाच. ‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ म्हणा आणि समेवर थांबा. ‘मधे चुन्याची ही रेघ’ ही ओळ प्रत्येक वेळी आली, शेवटी येत नाही. रेघ पुसली असं कुणी म्हणालं नाही. तिसऱ्या अंतऱ्याआधी दोन-तीन वेळा पूर्ण मुखडा गायला गेला असेल तरच हे साधतं, कारण कानाला सवय लागल्याशिवाय गळलेली ओळ जाणवत नाही. तिहाई घेऊन धूमधडाक्यात संपवलं तर सगळंच मातीत जाईल.

एक अडचण खरी आहे. पाटा-वरवंटा न वापरलेल्या घरातल्या श्रोत्याला या दोन दगडांचं नातं कळेलच असं नाही. हे दोन मिळून एक साधन होतं, हे माहीत नसेल तर पोराचं मागणं फुकट जातं. इथे गीतकार घाबरतो आणि खुलासा शेवटी घालतो. पण न कळण्याचं मूळ दुसऱ्या अंतऱ्यात आहे, तिथेच दुरुस्ती करायला हवी. ‘दोन चुली, दोन धूर’ ही ओळ मला आवडते, तरी ती काढून मी तिथे ‘एकाविण दुजा मुका’ घालीन. वरवंट्याशिवाय पाटा वाजत नाही, ही माहिती गोष्ट चालू असतानाच मिळून जाते, आणि भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत याच्या शेजारी ती बसते. तीच ओळ शेवटच्या अंतऱ्यात टाकली असती तर तिचा उपदेश झाला असता.

हे सगळं गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांबद्दल आहे. जात्यावरच्या ओव्यांना हा प्रश्नच पडत नाही. दळण संपलं की ओवी थांबते, समारोप कुणी मागत नाही. भारुडात उलटं असतं. एकनाथांच्या भारुडांतला विंचू हा काही अंगणातला विंचू नव्हे, तो काम-क्रोधाचा आहे, आणि ते रूपक उघडून दाखवलं नाही तर भारूड अर्धवट राहील. जनजागृतीसाठी लिहिलेल्या गाण्यात संदेश हीच मागणी असते, तिथे तो नीट ऐकू यायलाच हवा. अभंगात तर शेवटच्या चरणात संत आपलं नाव घालून निर्वाळा देतात, आणि तो उपरा वाटत नाही, कारण पहिल्या चरणापासून तेच बोलत असतात. बोलणारा मधेच बदललेला नसतो. नावाची ती मुद्रा चरणात कुठे बसते आणि चालीत तिच्यासाठी जागा कशी ठेवतात, ते पुढच्या भागात पाहू.