फोटोही हवा आणि कार्टूनही

माझ्या बहिणीनं घरगुती पोळीभाजीचे डबे द्यायला सुरुवात केली, तेव्हा डब्यावर चिकटवायला तिला एक चित्र हवं होतं: पोळी लाटणारी आजी. काम भाच्याकडे गेलं, कारण त्यानं कॉम्प्युटरवर चित्रं तयार करणारं एक मोफत मॉडेल बसवून ठेवलं होतं. रात्री अकराला त्याचा फोन आला. "मामा, ये ना जरा. आजी भुतासारखी दिसतेय."

गेलो. पडद्यावर चार आज्या होत्या. पहिलीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि त्याच चेहऱ्यावर बशीएवढे डोळे. दुसरी सपाट रंगात रंगवलेली, पण तिच्या मागचा ओटा आणि भांडी अगदी फोटोतली, जणू कुणी कात्रण आणून चिकटवलंय. तिसरी म्हणजे गुळगुळीत प्लॅस्टिकची बाहुली. चौथी बरीचशी खरी बाई, फक्त हातांभोवती शाईनं ओढल्यासारखी काळी रेघ. शिवाय चारही चित्रांत भिंती कोऱ्या आणि पोळीवर मात्र नक्षीच नक्षी.

"काय लिहिलंयस ते दाखव," मी म्हटलं.

```
photorealistic cartoon of an Indian grandmother making chapati, DSLR photo, anime style, highly detailed, minimalist
```

(मुलगा पुण्यात वाढलेला. त्याच्या घरात पोळीला चपाती म्हटलं तर डोळे वटारले जातात. पण मॉडेलला ‘पोळी’ कळत नाही, हा शोध त्याला आधीच लागला होता.)

हीच मागणी घेऊन एखाद्या पेंटरकडे गेलो असतो तर त्यानं ब्रश खाली ठेवून विचारलं असतं, "फोटोसारखं काढू की कार्टून काढू? काय ते एक ठरवा." या मॉडेलला असं विचारता येत नाही. मुळात आपल्या सांगण्यात काही विसंगती आहे, हेच त्याच्या लक्षात येत नाही. का ते कळायला, दिलेल्या शब्दांचं आत काय होतं हे थोडं बघावं लागेल.

स्टेबल डिफ्यूजन हे 2022 साली सर्वांसाठी खुलं झालेलं मॉडेल उदाहरणाला घेऊ, कारण त्याची अंतर्गत रचना उघड आहे. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये प्रॉम्प्ट वाचण्याचं काम क्लिप नावाचा भाग करतो. 40 कोटी चित्रं आणि त्यांच्यासोबतचे मजकूर यांच्या जोड्या दाखवून ओपनएआयनं तो तयार केला होता. क्लिप प्रत्येक शब्दाचं, कधी शब्दाच्या तुकड्याचं, 768 आकड्यांच्या एका यादीत रूपांतर करतो. मग चित्र काढणारा भाग कामाला लागतो. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण गेलं की मुंग्या यायच्या, तशा मुंग्यांपासून तो सुरुवात करतो आणि वीस, तीस, पन्नास पायऱ्यांत त्या थोड्या थोड्या पुसत चित्र बाहेर काढतो. प्रत्येक पायरीला चित्राचा प्रत्येक भाग प्रॉम्प्टमधल्या शब्दांकडे बघतो आणि कोणत्या शब्दाचं किती ऐकायचं हे ठरवतो. या ऐकण्याच्या हिश्श्यांची बेरीज नेहमी 100 टक्केच होते. एका शब्दाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं.

‘चपाती’ या शब्दाला चित्रात स्वतःची जागा आहे: पोळपाटाच्या आसपासचे भाग तिचं ऐकतात, छताचा भाग तिच्याकडे फारसा बघत नाही. ‘कार्टून’ आणि ‘फोटो’ या शब्दांना अशी जागा नाही. ते शैलीचे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा दावा अख्ख्या चित्रावर आहे. दोन भावांनी एकाच सातबाऱ्यावर पूर्ण हक्क सांगावा तसा हा प्रकार. निवाडा करायला कुणी नाही, म्हणून चेहऱ्याच्या भागात एकाची सरशी होते आणि ओट्यापाशी दुसऱ्याची. काही भागांत दोघांची सरमिसळ होते. सुरकुत्या आणि बशीएवढे डोळे एकाच चेहऱ्यावर आले ते असे.

भाच्यानं यावर आधीच एक उपाय करून पाहिला होता. मॉडेलनं आपलं अधिक काटेकोर ऐकावं म्हणून ‘गायडन्स’चा आकडा त्यानं नेहमीच्या 7.5 वरून 15 वर नेला होता. हा आकडा काय करतो? प्रत्येक पायरीला मॉडेल दोन अंदाज काढतं, एक प्रॉम्प्ट वाचून आणि दुसरा कोऱ्या प्रॉम्प्टवर. दोहोंतला फरक या आकड्याच्या पटीत वाढवला जातो. प्रॉम्प्ट एकसूत्री असेल तर त्याचा जोर वाढतो. प्रॉम्प्टमध्येच भांडण असेल तर भांडणाचा आवाज वाढतो. रंग भडक झाले, कडा जळाल्यासारख्या दिसू लागल्या, आजी मात्र होती तशीच राहिली.

तिसऱ्या आजीबद्दल, त्या प्लॅस्टिकच्या बाहुलीबद्दल, थोडं वेगळं सांगायला हवं. फोटो आणि कार्टून यांची सरासरी म्हणजे निव्वळ पोकळी नव्हे. त्या दोहोंच्या मधल्या प्रदेशात चित्रांची एक मोठी वस्ती आहे: कॉम्प्युटरवर तयार होणारे थ्रीडी अ‍ॅनिमेशनपट. त्वचेवर खरा प्रकाश, खऱ्या सावल्या आणि नाकडोळे मात्र कार्टूनचे. शिकताना मॉडेलनं अशी चित्रं भरपूर पाहिलेली असतात. त्यामुळे दोन टोकांचे शब्द दिले की ते पुष्कळदा घसरत याच वस्तीत जाऊन पोचतं. कुणाला हेच हवं असेल तर उत्तम, पण मग सरळ `3D animated film style` असं लिहावं. कुणी मागितलं नसताना बाहुली आली, तर शब्दांत भांडण आहे असं समजायला हरकत नाही.

आणि खरी मेख तर `photorealistic` याच शब्दात आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रिचर्ड एस्टिस, चक क्लोज यांच्यासारखे चित्रकार फोटो समोर ठेवून, हुबेहूब फोटोसारखी दिसतील अशी पेंटिंगं करू लागले. त्या शैलीला फोटोरिअ‍ॅलिझम हे नाव पडलं. म्हणजे हा शब्द जन्मापासून फोटोसारख्या दिसणाऱ्या, पण फोटो नसलेल्या वस्तूचा आहे. वेबवरही लोक तो असाच वापरतात: पेन्सिलनं काढलेल्या चेहऱ्याला, कॉम्प्युटरवर तयार केलेल्या इमारतीच्या चित्राला. स्वतःच्या लग्नाच्या फोटोखाली ‘फोटोरिअ‍ॅलिस्टिक’ असं कोण लिहितं? स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन-5बी या संग्रहातल्या निवडक चित्रांवर शिकलं, त्या संग्रहात 585 कोटी जोड्या आहेत आणि त्यांतला मजकूर वेबवर लोकांनी चित्रांसोबत लिहिलेला आहे. मॉडेल तिथली बोली शिकलं. तेव्हा कार्टूनशी जोडी न लावताही हा शब्द आपल्याला फोटोपासून जरासा दूरच नेतो. खरा फोटो हवा असेल तर छायाचित्रकार बोलेल ते लिहावं: कुठली लेन्स, खिडकीतून येणारा उजेड, दुपार की संध्याकाळ.

त्या रात्री आम्ही भांडण नेमकं कुठे आहे ते शोधायला बसलो. यासाठी ‘सीड’ फार उपयोगी पडतं. सुरुवातीच्या मुंग्या कोणत्या, हे ठरवणारा हा क्रमांक. आधी प्रॉम्प्ट तोच ठेवून चार वेगवेगळ्या सीडवर चित्रं काढायची. चारही एकाच शैलीत आली तर शैलीपुरता प्रॉम्प्ट ठीक आहे. चारांच्या चार तऱ्हा झाल्या तर शब्द आपसांत भांडताहेत, आणि कोण जिंकणार ते मुंग्यांवर ठरतंय. आमच्या तर चार तऱ्हा समोरच होत्या. मग उलट करायचं: सीड एकच ठेवायचं आणि एका वेळी एकच शब्द काढायचा. `minimalist` काढला, पोळीवरची नक्षी तशीच राहिली. तो परत ठेवून `highly detailed` काढला, नक्षी गेली. `DSLR photo` काढल्यावर ओटा बराच सपाट झाला, आणि `photorealistic` काढला तेव्हा सुरकुत्या मिटल्या. `anime` बिचारा फक्त डोळ्यांपुरता दोषी होता.

आता ठरवायचं होतं ते माणसांनी. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "स्टिकर दोन इंचांचं आहे. लांबून कळलं पाहिजे." दोन इंचांत सुरकुत्या कुणाला दिसणार? फोटो बाद झाला.

```
flat cartoon illustration of an Indian grandmother rolling chapati, thick black outlines, four colors, plain background
```

‘निगेटिव्ह’च्या रकान्यात `photo, 3d render` एवढंच लिहिलं. मघाशी सांगितलेल्या कोऱ्या प्रॉम्प्टच्या अंदाजाची जागा हे शब्द घेतात आणि चित्र त्यांच्यापासून दूर सरकतं. भाचा मूळ प्रॉम्प्टमध्येच `not a photo` लिहायला निघाला होता. नकार ही क्लिपची दुखरी बाजू आहे. त्याला ‘फोटो’ ठळक ऐकू येतं, ‘नाही’ जवळजवळ येतच नाही.

विरुद्ध वाटणारे सगळेच शब्द भांडतात असं मात्र नाही. 1988 च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या सिनेमात हातानं काढलेला ससा हाडामांसाच्या नटासोबत खऱ्याखुऱ्या खोलीत वावरतो आणि डोळ्यांना खटकत नाही. तिथे कार्टूनचा हक्क सशावर आहे आणि फोटोचा खोलीवर. ससा वेगळा काढून, त्याच्यावर सावल्या चढवून मग चित्रीकरणात मिसळलेला आहे. असं काही हवं असेल तर जुन्या मॉडेलात एका दमात मागू नये. आधी खोलीचा फोटो तयार करावा, मग सशापुरती जागा निवडून तेवढाच भाग कार्टूनच्या प्रॉम्प्टनं पुन्हा काढावा. याला इनपेंटिंग म्हणतात. नव्या मॉडेलांना वाक्याची रचना जास्त कळते, त्यामुळे ‘खऱ्या स्वयंपाकघराच्या फोटोत ओट्यावर बसलेलं कार्टून मांजर’ असं पूर्ण वाक्य त्यांना बऱ्यापैकी झेपतं. स्वल्पविरामांनी तोडलेली शब्दांची माळ मात्र त्यांनाही कोड्यात टाकते, कारण कुठला शब्द कुणाचा हे तिच्यात लिहिलेलंच नसतं.

2023 सालच्या डॅल-ई 3 पासून आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिथे आपला प्रॉम्प्ट चित्रापर्यंत जाण्याआधी चॅटजीपीटी तो नव्यानं लिहून काढायचं. विसंगत शब्द दिले तरी चित्र सहसा नीटनेटकं यायचं. मला यात सोय दिसते, पण धोकाही दिसतो. भांडण मिटलेलं असतं, फक्त निवाडा आपण केलेला नसतो आणि तो झाला हेही पुष्कळदा कळत नाही. भुतासारखी दिसणारी आजी निदान आरडाओरडा करून सांगते तरी की काहीतरी चुकलंय.

आमची आजी पाचव्या सीडवर जमली. हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू, हातात लाटणं. लाटण्यावरची बोटं मोजली तर सहा निघाली, पण तो रोग निराळा. भाच्यानं तेवढा भाग इनपेंटिंगनं दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी दोनशे स्टिकर छापून आणले.