शिळी सुंगटे पोटाला इतक्या लवकर का बाधतात?

मडगावहून उज्जैनला रेल्वेने जाण्यास जवळजवळ एक दिवस लागतो. तेथील आप्तांसाठी उकडून सोललेली सुंगटे कोणी डब्यातून नेली, ती पुन्हा गरम करून वाढली आणि जेवणानंतर दोन-तीन तासांतच वांत्या सुरू झाल्या, तर संशय प्रथम स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर जातो. उकडताना सुंगटांतले बहुतेक जिवाणू मरतात. हा मात्र नंतर, सोलणाऱ्याच्या हातांवरून येतो. नाकात आणि चिघळलेल्या जखमेत त्याचा वास असतो. उबदार डब्यात तो वाढतो व विष सोडतो. पोटात जाते ते तयार विषच, म्हणून त्रासाला वेळ लागत नाही. पुन्हा उकळल्याने जिवाणू मरतो, विष टिकते. वासावरूनही काही कळत नाही.

कच्च्या सुंगटांच्या सुरीवरून किंवा ताटातून येणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूची गोष्ट निराळी. तो आतड्यात वाढतो, त्यामुळे जुलाब बहुधा बारा ते चोवीस तासांनी लागतात. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेली शिजलेली सुंगटे टाकून द्यावीत. कडक उन्हाळ्यात ही मुदत एकच तास.