बॅकअप कोड कोठे ठेवावेत?

खात्याला दुहेरी कुलूप लावले, की पासवर्डाबरोबर मोबाइलवर येणारी खूणही द्यावी लागते. मोबाइलच हरवला, तर खरा मालक दाराबाहेर उभा राहतो. त्या प्रसंगासाठी बॅकअप कोड असतात. गूगलच्या खात्यात Backup codes या नावाखाली आठ आकड्यांचे 10 कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो.

ते ठेवायचे कोठे, याची कसोटी एकच आहे. जी वस्तू हरवेल म्हणून कोड घेतले, त्या वस्तूवर ते अवलंबून असता कामा नयेत.

समजा, सोलापूरच्या एका यंत्रमाग कामगाराचा मोबाइल पुण्यात स्वारगेटच्या गर्दीत गेला. त्याने दुसरा मोबाइल घेतला. पासवर्ड त्याला पाठ आहे. त्याचे कोड पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत. पण काही मॅनेजर नव्या यंत्रावर उघडताना ईमेलवर आकडे पाठवतात, आणि ते ईमेल तर याच बंद खात्यात! पेटीची किल्ली पेटीतच राहिली. शिवाय पासवर्ड आणि कोड एकाच ठिकाणी असले, तर मॅनेजर फुटताच दोन्ही कुलुपे एकदम उघडतात. म्हणून कोडांची एकमेव प्रत तेथे ठेवू नये.

कागदाला ना वीज लागते, ना मोबाइल. त्याला भय ओलीचे, आगीचे आणि नजरेचे. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात, घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. त्यावर खात्याचे नाव वा पासवर्ड लिहू नये. मात्र आपला कामगार पुण्यात आहे आणि कागद सोलापूरच्या कपाटात आहे. म्हणजे वाचून दाखवणारे माणूस हवे.

ते माणूस म्हणजे बहीण वा भाऊ. त्यांच्या हाती फक्त कोड आहेत, पासवर्ड नाही; तेवढ्याने खाते उघडत नाही. धोका वेगळाच आहे. उद्या एखादा भामटा, "ताई, माझा मोबाइल हरवला," असे म्हणून फोन करील. खरा भाऊही अनोळखी नंबरावरूनच बोलणार, म्हणून नंबरावरून ओळख पटत नाही. तेव्हा घरातलाच एखादा प्रश्न आधी ठरवून ठेवावा. उत्तर बरोबर आले तरच एक कोड वाचावा आणि त्यावर रेघ मारावी. बाकी नऊ उरतात.

तेव्हा माझे मत असे: एक कागद आपल्या घरी, दुसरा बहिणीच्या घरी, मॅनेजरमधली प्रत हवी तर तिसरी. आणि प्रत्येक कागदावर तारीख घालावी. नवा संच काढला आणि बहिणीकडचा कागद बदलायचा राहिला, तर ती वाचून दाखवील ते आकडे केव्हाच मेलेले असतील. तारखा जुळवून पाहिल्या, की ही चूक आधीच उघडकीला येते.