डाळीवरचा फेस: काढावा की राहू द्यावा?

डाळीला उकळी फुटली की पातेल्यावर करडा-पांढरा फेस जमतो. ‘हा फेस म्हणजे यूरिक ॲसिड, तो पोटात गेला की सांधे धरतात’ असा समज अनेक घरांत आहे. तुमच्याही घरी फेस काढून टाकत असाल, तर तो कशाचा बनतो हे आधी पाहू या.

डाळीतील काही प्रथिने पाण्यात विरघळतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, तर दुसरा पाणी टाळतो. त्यामुळे ती वाफेच्या बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि उष्णतेने तो पापुद्रा घट्ट होतो. डाळीतील पिष्टामुळे पाणी दाटसर होते, म्हणून बुडबुडे लवकर फुटत नाहीत. सोबत थोडे सॅपोनिनही असते. रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. मात्र तूरडाळीत त्यांचे प्रमाण अल्प असते आणि आतड्यातून ती फारशी शोषली जात नाहीत. थोडक्यात, फेस म्हणजे बरीचशी हवा आणि थोडी डाळच. तो खाण्यात अपाय नाही.

यूरिक ॲसिड फेसात नसते. डाळीतील प्युरिन या घटकापासून ते आपल्या शरीरात तयार होते आणि प्युरिन संपूर्ण दाण्यात असते. म्हणून फेस काढल्याने ते घटत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या ७२ वर्षांच्या एका आजोबांचे यूरिक ॲसिड थोडे वाढलेले होते. घरच्यांनी प्रथम फेस काढला, पुढे वरणच बंद केले. आजोबा शाकाहारी, ताटात भात, भाजी आणि चहासोबत बिस्किटे एवढेच उरले. काही महिन्यांत मांड्या बारीक झाल्या, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागू लागले. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तो आधारच तुटला होता. वाताच्या त्रासात मांस, काही मासे आणि मद्य यांचा वाटा डाळीपेक्षा बराच मोठा असतो. त्यांचे वरण आम्ही पुन्हा सुरू केले. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डाळीचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. फेस काढणे हा त्यावर उपाय नव्हे.

डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावी आणि ते पाणी टाकून द्यावे. फेस कमी येतो, पोटात वायूही कमी धरतो. वरण स्वच्छ दिसावे म्हणून फेस काढायचा असल्यास खुशाल काढा. मात्र भिजवलेली डाळ चुलीवर चढण्यापूर्वीच फेसाळली आणि आंबूस वास आला, तर ती आंबली आहे, टाकून द्यावी.

फेसाचा खरा धोका कुकरमध्ये असतो. तो वाफेच्या नळीत अडकल्यास वाफ कोंडते. म्हणून डाळ व पाणी मिळून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, चमचाभर तेल घालावे आणि झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून मोकळी आहे ना, ते पाहावे.