विहिरीतलं पाणी मोजायची नोकरी : वऱ्हाडात भूवैज्ञानिक नेमकं करतो काय, अन् ही वाट धरायची तर काय माहीत हवं?

अमरावती : मे महिन्यात भर उन्हात एखादी सरकारी गाडी गावात येते. एक-दोन माणसं उतरतात, ठरलेल्या विहिरीत पट्टी सोडतात, वहीत आकडा लिहितात आणि निघून जातात. बऱ्याच गावांत यांना 'पाणी मोजणारे' म्हणतात. हे लोक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे असतात. राज्य सरकारचं हे खातं १९७२ साली, दुष्काळाच्या काळात सुरू झालं. बारावी सायन्सनंतर भूशास्त्र घेतलेल्या पोरांना आपल्या भागात जी कामं मिळू शकतात, त्यातलं हे मुख्य काम आहे. ते दिसतं सोपं, पण त्या एका आकड्यावरून पुढं गावाच्या पाण्याचा हिशोब होतो.

पट्टी सोडण्याआधीच खरं काम

निरीक्षणासाठी निवडलेल्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा घेतात. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. यातली दोन मापं सर्वात महत्त्वाची. मे महिन्यात पाणी सर्वात खाली असतं आणि पावसाळ्यानंतर सर्वात वर. या दोन्हींतला फरक म्हणजे पावसानं जमिनीत किती भर टाकली त्याची खूण.

माप चुकायच्या जागा मात्र खूप आहेत. विहिरीवरची मोटर तासाभरापूर्वीच बंद झाली असेल, तर दिसते ती उपशानं खाली गेलेली पातळी, खरी नव्हे. जाणकार माणूस आधी विहिरीच्या आतली भिंत पाहतो. पाण्याच्या वर ओला पट्टा ताजा असेल, तर मोटर नुकतीच चालली हे समजतं. मग शेतकऱ्याला लाइट किती वाजता होती ते विचारायचं, थोडं थांबून पुन्हा मोजायचं. दोन्ही मापं सारखी आली तरच लिहायचं. रात्रीच्या लाइटवर ओलीत चालत असेल, तर त्या विहिरीवर कधी जायचं हे वेळापत्रकही लाइट पाहूनच ठरवावं लागतं.

दुसरी चूक कठड्याची. माप कठड्यावरून घेतात आणि त्यातून कठड्याची उंची वजा करतात. मधल्या काळात शेतकऱ्यानं दोन फूट बांधकाम चढवलं आणि मोजणाऱ्यानं जुनीच उंची धरली, तर कागदावर पाणी दोन फूट खाली गेलेलं दिसतं, प्रत्यक्षात ते जागेवरच असतं.

एक हिशोब करून पाहू

समजायला एक उदाहरण घेऊ. नाल्याच्या दोन्ही बाजूंचं मिळून एक हजार हेक्टरचं पाणलोट आहे. निरीक्षण विहिरीचा कठडा ०.८ मीटर. मे महिन्यात कठड्यापासून पाणी ११.८ मीटरवर, म्हणजे जमिनीपासून ११ मीटर खाली. ऑक्टोबरमध्ये कठड्यापासून ७.८, म्हणजे जमिनीपासून ७ मीटर. पाणी ४ मीटर वर आलं.

पण जमिनीखाली ४ मीटर उंचीचं तळं नसतं, तिथं खडक असतो. आपल्या भागातला बराचसा खडक म्हणजे लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला काळा पाषाण, बेसाल्ट. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात. झिजलेल्या बेसाल्टमधून साधारण १ ते ३ टक्के जागेतलंच पाणी आपल्याला मिळतं. आपण २ टक्के धरू. हजार हेक्टर म्हणजे एक कोटी चौरस मीटर. त्याला ४ मीटरनं गुणायचं आणि २ टक्के काढायचे. येतात ८ लाख घनमीटर, म्हणजे ८० कोटी लिटर.

आकडा मोठा वाटतो. आता खर्च पाहू. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याची हेक्टरी २७७ झाडं बसतात. मोठ्या झाडाला सरासरी दिवसाला १०० लिटर आणि वर्षात २०० दिवस पाणी दिलं असं धरलं, तर हेक्टरी ५५ लाख लिटरच्या वर लागतं. म्हणजे ८० कोटी लिटरमध्ये १४४ हेक्टर बाग निघते. हजार हेक्टरमध्ये फक्त १४४, अन् तेही गावाचं पिण्याचं पाणी, गहू-हरभरा आणि गुरांचं पाणी बाजूला न काढता. बाग २०० हेक्टर झाली, तर उपसा भरण्याच्या १३८ टक्के होतो.

सरकारी नियमानं उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर तो भाग सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित. वरुड-मोर्शी भागाला लोक 'ड्राय झोन' म्हणतात, त्याच्यामागं हाच हिशोब आहे.

आता मघाचा दोन फुटी कठडा आठवा. तेवढी चूक झाली, तर पाणी ४ ऐवजी ३.४ मीटरच वर आलेलं दिसतं आणि १२ कोटी लिटर पाणी कागदावरून गायब होतं. खडकाचा अंदाज चुकला, २ ऐवजी १ टक्काच निघाला, तर अर्धं पाणी गेलं. म्हणून मापाइतकंच खडक ओळखणं महत्त्वाचं. त्यासाठी विहिरीच्या भिंतीतले थर पाहावे लागतात, ओढ्याच्या काठानं चालावं लागतं, काही ठिकाणी विहीर ठरावीक वेळ उपसून ती किती वेळात भरते ते तपासावं लागतं.

एका जिल्ह्यात तीन जमिनी

वऱ्हाडात काम अवघड व्हायचं कारण म्हणजे सगळीकडं हा एकच खडक नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर-चांदूर बाजारकडं, डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-वाळूचे थर आहेत. तिथं पाणी झपाट्यानं मुरतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यात मिळून सुमारे ८९४ गावांचा खारपाणपट्टा आहे. तिथं गाळाचे जाड थर आहेत. पाणी लागतं, पण ते खारं. ज्या ठिकाणी वर थोडं गोडं पाणी आहे, तिथं अजून खोल गेलं की बहुतेक वेळा खारटपणा वाढतो. तिथं भूवैज्ञानिकाचा सल्ला बरेचदा 'इथं बोअर घेऊ नका, शेततळं करा' असाच असतो. तो ऐकायला कोणालाच आवडत नाही.

बोअरची जागा सांगताना चार लोखंडी खुंट्या ठोकून जमिनीतून वीज सोडतात आणि खालचा थर तिला किती अडवतो ते मोजतात. पाणाड्याच्या नारळापेक्षा ही पद्धत पक्की, पण तिलाही मर्यादा आहे. चिकणमाती आणि खारं पाणी दोन्हींतून वीज सोपी जाते, त्यामुळं नुसत्या यंत्रावरून दोन्हींतला फरक समजत नाही. आजूबाजूच्या विहिरी पाहिल्याशिवाय जो छातीठोक फूट सांगतो, त्याच्याकडं डिग्री असली तरी शेतकऱ्यानं जपूनच पैसे द्यावे.

आणखी एक अडचण. निरीक्षणाची विहीर उथळ, ४०-५० फुटांची असते. वरुडकडचे बोअर सात-आठशे फुटांवर गेलेत. वरच्या मुरमातलं पाणी आणि खालच्या भेगांतलं पाणी वेगवेगळं असू शकतं. म्हणून ऑक्टोबरात विहीर भरलेली दिसते आणि शेजारचा बोअर कोरडा निघतो. आकडा खोटा नसतो, तो फक्त वरच्या थराचा असतो.

या नोकरीची वाट

बारावी सायन्सनंतर भूशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. करावी लागते. अमरावतीतच शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत आणि संत गाडगे बाबा विद्यापीठात हा विषय आहे. नुसत्या बी.एस्सी.वर मोठ्या पदाची दारं उघडत नाहीत. राज्याच्या भूवैज्ञानिक पदांची भरती लोकसेवा आयोग करतो, पण जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही आणि जागा मोजक्या असतात. केंद्रासाठी यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा आहे : पूर्व, मुख्य आणि मुलाखत. वयाची अट साधारण २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. त्यातून केंद्रीय भूजल मंडळात किंवा १८५१ पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. दोन्हींची प्रादेशिक कार्यालयं नागपुरात आहेत, म्हणून नेमणूक नागपूरलाच मिळेल असं धरू नये. केंद्राची नेमणूक देशात कुठंही, राज्याची गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत कुठंही होऊ शकते. सर्वेक्षणाच्या नोकरीत पावसाळा संपला की महिनोन्‌महिने कॅम्पवर राहावं लागतं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही मेळघाटातली गावं मोजायला गेलेल्या माणसाचा फोन संध्याकाळी लागेलच असं नाही.

योजनांवर कंत्राटी कामंही निघतात. अटल भूजल योजनेत अमरावती जिल्हा होता, त्यात गावागावात पाण्याचा ताळेबंद करायला माणसं लागली. अशी नोकरी योजनेसोबत येते आणि योजनेसोबतच संपते. ती घेताना मुदत लेखी पाहून घ्यावी.

खनिजाकडं जायचं तर वेग आणखी कमी. आधी पाहणी, मग शोध, मग ठराविक अंतरावर बोअर मारून साठ्याची मोजणी, मग लिलाव, पर्यावरण आणि वनखात्याच्या परवानग्या. ज्यानं पहिला दगड फोडून पाहिला, तो खाण सुरू होईपर्यंत दुसरीकडं बदलून गेलेला असतो.

पाण्याच्या कामातही तेच. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही, कारण पाऊसच कमी-जास्त असतो. दहा वर्षांची मापं एका रांगेत ठेवली की पाणी खरंच खाली चाललं का ते दिसतं. कायदाही हळू चालतो. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला जून २०१४ मध्ये. त्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खालची विहीर 'खोल' धरली आहे आणि अधिसूचित क्षेत्रात ती घ्यायला मनाई आहे. तोवर बोअर त्याच्या चौपट खाली पोचले होते.

म्हणून ज्या पोराला दोन वर्षांत कामाचा निकाल पाहायचा आहे, त्याला ही नोकरी जड जाईल. ज्याला जायचं आहे, त्यानं प्रवेशाआधी एक करावं. आपल्याच गावच्या एका विहिरीची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये स्वतः मोजावी, कठडा वजा करावा, मोटर केव्हा बंद केली ते वहीत लिहावं. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जाऊन आपल्या पाणलोटाची जुनी मापं मागावी आणि शेजारी मांडून पाहावी. आकडे जुळले नाहीत अन् ते का जुळले नाहीत हे शोधत पोरगं अजून चार विहिरी फिरलं, तर त्यानं खुशाल भूशास्त्राला नाव घालावं.