महिने आणि दिवस : मुदतठेवीचा हिशेब

डिचोली तालुक्यातील सर्वण गावच्या एका शेतकऱ्याची गोष्ट कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. २९ ऑगस्ट २०२५ रोजी, शुक्रवारी, त्याने एक लाख रुपये सहा महिने दहा दिवसांच्या मुदतीने ठेवले. व्याजाचा दर शेकडा ७.३०. पावसाळ्यापूर्वी घराची कौले बदलायची, आणि कौलवाल्याला ८ मार्चला पैसे देण्याचा शब्द दिलेला. परंतु ठेवपावतीवर मुदतपूर्तीची तारीख होती १० मार्च २०२६. दोन दिवस आले कोठून?

शेतकऱ्याने मनातल्या मनात आधी दिवस मोजले होते. २९ ऑगस्टमध्ये दहा दिवस मिळविले की ८ सप्टेंबर, आणि तेथून सहा महिने म्हणजे ८ मार्च. बँकेचा सर्वसाधारण प्रघात याच्या नेमका उलट आहे. आधी महिने, मग दिवस. २९ ऑगस्टपासून सहा महिन्यांनी २९ फेब्रुवारी यावयास हवी. पण २०२६ च्या फेब्रुवारीत ती तारीखच नाही. अशा वेळी त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, म्हणजे २८ फेब्रुवारी. तिच्यापुढे दहा दिवस म्हणजे १० मार्च. गंमत अशी, की २८, २९, ३० वा ३१ ऑगस्ट यांपैकी कोणत्याही दिवशी ठेव ठेवली असती, तरी तारीख हीच निघाली असती. म्हणजे २८ तारखेच्या ठेवीदाराचे पैसे ३१ तारखेच्या ठेवीदारापेक्षा तीन दिवस अधिक बँकेत राहतात, आणि पावत्यांवर मात्र मुदत एकच लिहिलेली असते.

आता दिवस किती भरले ते पाहू. नियम असा, की ठेव ठेवल्याचा दिवस मोजावयाचा आणि पैसे परत घेण्याचा दिवस सोडावयाचा. दोन्ही मोजले तर एक दिवस वाढतो, दोन्ही सोडले तर एक घटतो. घरच्या हिशेबात बहुतेक चुका येथेच होतात. ऑगस्टचे ३, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ९. एकूण १९३ दिवस.

महिना सरसकट तीस दिवसांचा धरणाऱ्याला हेच उत्तर १९० येईल. सावकारी व्यवहारात ती सवय पुष्कळांना असते, आणि युरोपातील व्यापारी हिशेबांतही ३६० दिवसांचे वर्ष दीर्घकाळ चालत आले. आपल्याकडील मुदतठेवीत मात्र महिना पंचांगातला नव्हे, आणि तीस दिवसांचाही नव्हे. तो दिनदर्शिकेतील महिना असतो.

१९३ दिवस हाती आले, म्हणून त्यांवरून थेट व्याज काढू नये. लाखावर ७.३० टक्क्यांनी दररोज बरोबर २० रुपये व्याज होते. त्या हिशेबाने ३,८६० रुपये होतील. बँक मात्र प्रथम पुरे झालेले तिमाही खंड वेगळे काढते, आणि उरलेल्या दिवसांपुरतेच दिवसांनी व्याज मोजते. येथे २९ ऑगस्ट ते २९ नोव्हेंबर आणि तेथून २८ फेब्रुवारी असे दोन खंड पुरे झाले. प्रत्येकाचे व्याज वार्षिक व्याजाचा चौथा भाग, म्हणजे १,८२५ रुपये. दोहोंचे ३,६५०. उरलेल्या दहा दिवसांचे २०० रुपये. एकूण ३,८५०. दहा रुपये कमी कसे झाले? दोन तिमाहींत प्रत्यक्ष १८३ दिवस होते, आणि अर्ध्या वर्षाचे व्याज म्हणजे साडेएकशेब्याऐंशी दिवसांचे. अर्धा दिवस हिशेबात विरून गेला! यात लबाडी नाही, ती पद्धतच आहे.

ठेव पुनर्गुंतवणुकीची असेल तर पहिल्या तिमाहीचे व्याज मुदलात मिळते. दुसऱ्या तिमाहीचे व्याज मग १,८५८ रुपये ३१ पैसे, आणि शेवटच्या दहा दिवसांचे २०७ रुपये ३७ पैसे होते. एकूण व्याज ३,८९० रुपये ६८ पैसे.

कौलवाल्याच्या तारखेसाठी ठेव दोन दिवस आधी मोडणे मात्र महागात पडते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला बहुतेक बँका प्रत्यक्ष राहिलेल्या काळाचा दर लावतात आणि त्यातूनही काही अंश दंड म्हणून कापतात. शिवाय ८ मार्च २०२६ हा रविवार होता. त्या दिवशी शाखेचे दार बंदच असते. कौलवाल्याकडे दोन दिवसांची सवलत मागणे स्वस्त.

हीच ठेव २९ ऑगस्ट २०२३ रोजी ठेवली असती, तर २०२४ हे लीप वर्ष असल्याने सहा महिन्यांनी २९ फेब्रुवारी खरोखरच भेटली असती. दिवस १९४ भरले असते आणि मुदत १० मार्च २०२४ रोजी संपली असती. तो रविवार होता. अशा वेळी पैसे सोमवारी मिळतात, आणि मधल्या सुटीच्या दिवसाचे व्याज ठरलेल्या मूळ दरानेच द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. साध्या ठेवीला ते मूळ रकमेवर मिळते, पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीला मुदतअखेरच्या रकमेवर. एक लाखाच्या साध्या ठेवीचे ते वीस रुपये पावतीवर छापलेल्या आकड्यात नसतात. सोमवारी खात्यात जमा झालेली रक्कम पावतीशी ताडून पाहिली की ते मिळाले की नाही हे कळते.